लाखनीच्या चित्रातला पाऊस

सत्तरच्या दशकाच्या शेवटी-शेवटी मी भंडाऱ्यात एका बांधकाम कार्यालयात अनुरेखक होते. अनुरेखक म्हणजे दुसऱ्याने काढलेल्या नकाशावर पारदर्शक कागद ठेवून तो जसाच्या तसा शाईने उतरवणारा माणूस. स्वतःची रेघ काढायची नाही, हीच त्या कामाची मुख्य अट. वरठीहून सकाळच्या गाडीने यायचं, दिवसभर दुसऱ्यांच्या रेघा गिरवायच्या आणि संध्याकाळी परत जायचं. आमच्या घरात पगाराची नोकरी मिळालेली मी पहिली होते, त्यामुळे मी नेमकं काय गिरवते याची चौकशी घरी कोणी करत नसे.

कार्यालयात इमारतीची रंगीत चित्रं काढायचा मान मुख्य आरेखकांचा होता. कोणतीही नवी इमारत मंजूर झाली की पाहुण्यांना दाखवायला तिचं चित्र लागायचं. ती बांधून झाल्यावर कशी दिसेल, त्याचं. मुख्य आरेखकांचं चित्र पंधरा वर्षं एकच होतं. इमारत तेवढी बदलायची. वर निळंभोर आकाश, त्यात तीन ढग, डावीकडून पंचेचाळीस अंशांत पडलेली काळीशार सावली, पुढे पांढरी मोटार आणि छत्री घेतलेली एक बाई. इमारतीचं तोंड उत्तरेला असलं तरी ऊन डावीकडूनच यायचं. एकदा मी तसं विचारलं, तेव्हा ते म्हणाले की सरकारी इमारतीवर ऊन कुठून पडतं हे सूर्य नाही, खातं ठरवतं. ते थट्टेने बोलले असावेत. पण त्यांची चित्रं बघता मला खात्री नव्हती.

त्या वर्षी लाखनीला, हमरस्त्याच्या कडेला, शेतकरी भवन बांधायचं ठरलं. आठवडी बाजाराला येणाऱ्या लोकांसाठी एक मोठी खोली, पुढे खांबांचा व्हरांडा, बाजूला चार दुकानं. मुख्य आरेखकांनी चित्र काढलं. ढग तीन, मोटार पांढरी. ते नागपूरला मोठ्या साहेबांकडे गेलं आणि आठ दिवसांत परत आलं.

झालं होतं असं की मोठे साहेब नुकतेच तीन आठवडे विलायतेला जाऊन आले होते. कसल्याशा प्रशिक्षणाला. तिथून त्यांनी एक रंगीत पुस्तिका आणली होती. तिच्यात एका इमारतीचं चित्र होतं. वर भरलेलं आभाळ, ओली फरशी, फरशीत इमारतीचं प्रतिबिंब आणि ओव्हरकोट घातलेली माणसं. ती पुस्तिका घेऊन ते स्वतः भंडाऱ्याला आले. आमच्या साहेबांच्या टेबलावर ती उघडून ठेवली आणि म्हणाले, तिकडे असं करतात. उन्हातली चित्रं आता कोणी काढत नाही. भूमिपूजनाला मंत्री येणार आहेत, त्यांना काहीतरी नवीन दिसलं पाहिजे. लाखनीच्या इमारतीवर पाऊस हवा.

तेव्हा मे महिना होता. साहेबांच्या खिडकीतल्या वाळ्याच्या ताट्यांवर दर अर्ध्या तासाने पाणी मारावं लागत होतं.

मुख्य आरेखकांनी मोठ्या साहेबांसमोर मान डोलावली आणि ते गेल्यावर आमच्या साहेबांना सांगितलं की पाऊस हा आपला विषय नाही. त्यांच्या नोकरीत पावसाचं चित्र कधी मागितलं गेलं नव्हतं आणि निवृत्तीला दोन वर्षं उरलेली असताना ते आकाश बदलणार नव्हते. साहेब पुण्याकडचे होते, शांत आणि भित्रे. त्यांनी खोलीभर नजर फिरवली. मी एकदा टिपणकागदाच्या मागे ट्रकांची चित्रं काढताना त्यांना सापडले होते. त्यांना ते आठवलं असावं. काम माझ्याकडे आलं, पण लेखी नाही. लेखी काम मुख्य आरेखकांच्याच नावावर राहिलं.

पहिलं आकाश मी तीनदा बिघडवलं. ढगाळ आकाश ओल्या कागदावर रंग सोडून करायचं असतं, म्हणजे करड्याच्या कडा आपोआप विरघळतात. आमच्याकडे मे महिन्यात कागद ओला राहतच नव्हता. ब्रश या टोकाहून त्या टोकाला जाईपर्यंत मागचं वाळायचं आणि आभाळात कडा उमटायच्या, जशा धुतलेल्या चादरीवर डागाच्या उमटतात. शेवटी मी कागद दोन्ही बाजूंनी भिजवून फळ्यावर ताणला, सकाळी सात वाजता, उन्हाळी वेळेत कार्यालय उघडल्या उघडल्या काम सुरू केलं आणि शिपायाला पंखा बंद करायला लावला. पंखा बंद झाल्याची तक्रार आवक-जावक विभागाने लेखी केली. आकाश मात्र जमलं. वर गडद, खाली क्षितिजाकडे उजळत जाणारं.

सावल्यांचं कोडं सुटेना. आमच्या मुख्य आरेखकांनी मला सावली म्हणजे काळी, धारदार, कोनात कापलेली असंच शिकवलं होतं. भरल्या आभाळात सावली कुठे असते? नसतेच म्हणावी, तर इमारत कागदातून कापून चिकटवल्यासारखी दिसत होती, जमिनीवर टेकतच नव्हती.

ते मला अड्याळला कळलं. माझ्या मावसबहिणीचं लग्न होतं. आमच्या पद्धतीप्रमाणे नवरा-नवरी पांढऱ्या कपड्यांत आणि वर सगळीकडून पांढऱ्या कापडाचा मांडव. बाहेर ऊन मी मी म्हणत होतं, पण मांडवाखाली कोणाचीच सावली पडत नव्हती. उजेड एका बाजूने नव्हे, वरून सगळीकडून झिरपत होता. मग मी खाली पाहिलं. खुर्च्यांच्या पायांपाशी, जिथे पाय जमिनीला टेकतो तिथे, एक मऊ काळोखी होती आणि बोटभर अंतरावर ती विरून जात होती. टेबलाखाली ती दाट होती. नवऱ्याच्या नाकाखाली जराशी, हनुवटीखाली जराशी. म्हणजे सावली नाहीशी झालेली नव्हती, फक्त जिथे आभाळाचा उजेड शिरत नाही त्या सांदीकोपऱ्यांत जाऊन बसली होती. इमारतीच्या छज्ज्याखाली, व्हरांड्याच्या आत, खांबांच्या बुडाशी तेवढं काळं करायचं आणि त्याची कड कुठेच दिसू द्यायची नाही.

मी सगळं लग्न खाली वाकून खुर्च्या बघत काढलं. वडिलांनी दोनदा विचारलं, काही पडलं का. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "माय, लोक पाहून राहिले. आशीर्वाद वर दे, खुर्चीले कायले देते?"

ओल्या रस्त्यासाठी मी कार्यालय सुटल्यावर लाखनीची एसटी धरून गावाच्या अलीकडे उतरायला लागले. हमरस्त्यावर एका ढाब्यापुढे ट्रक धुवायची जागा होती. तिथे वर्षभर पाऊस होता. मी चहा घेऊन बसायची आणि ट्रकांची प्रतिबिंबं बघायची. ड्रायव्हरांना वाटलं मी कोणत्या तरी खात्याची तपासणी करते. त्यांनी दोन दिवस ढाबेवाल्याला माझ्या चहाचे पैसे घेऊ दिले नाहीत.

तिथे मला उमगलेल्या गोष्टी पुस्तिकेत नव्हत्या. प्रतिबिंब सावलीसारखं बाजूला पडत नाही. ते वस्तूच्या थेट खाली, बघणाऱ्याकडे सरळ उतरतं. खांब जेवढा पाण्याच्या वर, तेवढाच पाण्याच्या खाली. डबक्यात ते आरशासारखं स्वच्छ असतं. नुसत्या ओल्या डांबरावर उभं लांबत जातं, कडा पुसट होतात आणि आडव्या रेघा तर मोडूनच जातात. पांढऱ्याचं प्रतिबिंब थोडं मळकं, काळ्याचं थोडं उजळ. लांबचा रस्ता आरसा होतो आणि आपल्या पायाजवळचा रस्ता नुसताच ओला, काळपट, खडीसकट दिसतो. मी ओला ब्रश उभा ओढून खांब खाली उतरवायला शिकले आणि ते वाळल्यावर ब्लेडच्या टोकाने आडव्या बारीक रेघा खरवडून पाणी हलवायला शिकले.

दरम्यान पाऊस मंजुरीसाठी साहेबांच्या टेबलावरून जात होता. व्हरांड्यात मी ट्यूबलाइटचा पिवळसर उजेड दाखवला होता, कारण करड्या चित्रात तेवढीच ऊब होती आणि त्याचं प्रतिबिंब बाहेर फरशीवर फार छान उतरलं होतं. साहेबांनी तो काढायला सांगितला. विजेचं काम वेगळ्या विभागाकडे होतं आणि त्यांचं अंदाजपत्रक मंजूर व्हायच्या आधी आपण दिवे लावले असते, तर त्यांनी आक्षेप घेतला असता. मग मोठ्या साहेबांचा फोन आला की पुस्तिकेत दिवे आहेत. दिवे राहिले. माणसांचंही असंच झालं. मी पोत्याची खोळ डोक्यावर घेतलेले दोन शेतकरी काढले होते. साहेबांना सगळ्यांना छत्री हवी होती. मोठ्या साहेबांना ओव्हरकोट हवा होता. शेवटी एक शेतकरी खोळीचा, दोन बायका छत्रीच्या आणि मध्ये एक ओव्हरकोटवाला अशी तडजोड झाली. लाखनीत ओव्हरकोट घातलेला माणूस कोणी पाहिला नव्हता, पण तो आता मंजूर होता.

खरा पेच आला तो इमारतीचं प्रतिबिंब काढताना.

प्रतिबिंब उतरवायचं तर पाण्याची पातळी कुठे आणि इमारतीची जमीन कुठे हे नक्की लागतं. खांब थेट पाण्यातून वर येत नाही. आधी जोतं दिसतं, मग खांब. प्रतिबिंबात आधी जोत्याचं प्रतिबिंब, मग खांबाचं. त्यासाठी मी फाइल मागवली. आराखड्यात जोतं जमिनीपासून पंचेचाळीस सेंटिमीटर उंच होतं. पण मोजणीच्या वहीत ती जमीनच रस्त्यापेक्षा पासष्ट सेंटिमीटर खाली होती. हमरस्ता दर काही वर्षांनी वर चढत गेला होता, शेत होतं तिथेच राहिलं होतं. आणि गाड्या दारापर्यंत याव्यात म्हणून रस्त्यापासून दारापर्यंत भरणी टाकून उताराची फरशी दाखवली होती. म्हणजे जोतं त्या फरशीत बुडलेलं आणि भवनाची जमीन रस्त्याहून वीस सेंटिमीटर खाली. रस्त्यावर पडेल तो पाऊस सरळ शेतकऱ्यांच्या भवनात.

मी तीनदा गणित केलं. मग मुख्य आरेखकांकडे गेले. त्यांनी चष्मा काढला, वही पाहिली, चष्मा घातला आणि सांगितलं की हा आराखडा ठरावीक नमुन्याचा आहे, त्यावर जिल्ह्यात इमारती उभ्या आहेत. मी म्हटलं, त्या रस्त्याच्या वर असतील. ते म्हणाले, "हे पाह्य बाई, उन्हाच्या चित्रात असा प्रश्न कधी आला नाही." हे मात्र खरं होतं.

साहेबांकडे गेले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. वही बंद केली. थोडा वेळ ताटीवरून टपकणारं पाणी पाहिलं.

"तुम्ही पाऊस दाखवा," ते म्हणाले. "पाणी कशाला दाखवता?"

मी विचारलं की मग प्रतिबिंब कशात दाखवू. त्यावर ते म्हणाले की तो तांत्रिक भाग आहे आणि तो माझा मी बघावा.

मी खरंच प्रयत्न केला. जोतं थोडं वर उचलून काढलं, तर साहेबांनी पट्टी लावून चित्र नकाशाशी ताडलं आणि मंजूर नसलेली उंची दाखवल्याबद्दल नापसंती लिहिली. फरशी उलट्या उताराची दाखवली, तर तीही मंजूर नव्हती. नकाशाप्रमाणेच काढायचं आणि ओलंही दाखवायचं, तर पाणी जाईल तिथे ते गेलंच पाहिजे. मी भातशेतीच्या गावात वाढलेली बाई. भाताच्या बांधीत पाणी कुठून शिरतं आणि कुठे थांबतं हे मला शिकवावं लागलेलं नाही. अखेर मी पाणी जिथे थांबलं असतं तिथे थांबवलं. रस्त्याहून खाली उतरणारी ओली फरशी आणि व्हरांड्याला टेकलेलं एक लांबट, स्वच्छ डबकं. खांब आणि त्याचं प्रतिबिंब यांच्यामध्ये जोत्याची रेघ नव्हती. खांब थेट पाण्यातून उगवल्यासारखे दिसत होते आणि व्हरांड्याच्या आतल्या फरशीवरही दिव्याची पिवळी लकेर चमकत होती.

खोटं काही नव्हतं. मला भीती वाटत होती आणि चित्र सुंदर झालं होतं, हे दोन्ही एकदमच वाटत होतं.

मोठ्या साहेबांना ते फार आवडलं. पाण्याची पारदर्शकता त्यांनी दोनदा वाखाणली. त्यांच्या मते पुस्तिकेपेक्षाही हे सरस होतं. चौकट करवली. खाली कोपऱ्यात मुख्य आरेखकांचं नाव पडलं, कारण लेखी काम त्यांचं होतं.

भूमिपूजन जूनच्या पहिल्या आठवड्यात झालं. शामियाना, खुर्च्या, मंत्री आणि एका तिकाटण्यावर चित्र. मी मागे बायकांत उभी होते. लोक चित्रापुढे रांगेने येत होते, ओव्हरकोटवाल्यापाशी थांबत होते. एकाने विचारलं, हा कोण, ठेकेदार का. कोणीतरी सांगितलं, मंत्री असतील. तेव्हा एक म्हातारे शेतकरी आले. त्यांनी धोतराचा सोगा हातात धरून चित्र अगदी जवळून पाहिलं, मग दोन पावलं मागे जाऊन पाहिलं. मग शेजारच्या माणसाला काहीतरी म्हणाले. शेजारचा हसला. म्हातारे हसले नाहीत. ते तसेच मंत्र्यांच्या खुर्चीपाशी गेले आणि हात जोडून म्हणाले, "साहेब, चित्रात पाणी आत जाऊन राहिलं. खांबाच्या बुडाले जोतंच नाही. आमी त्याच्यात बसावं का धानाची रोवणी करावी?"

खुर्च्यांत हसू पसरलं. मंत्र्यांनी मोठ्या साहेबांकडे पाहिलं. मोठ्या साहेबांनी आमच्या साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी मुख्य आरेखकांकडे. आणि मुख्य आरेखकांनी, ज्यांचं नाव कोपऱ्यात होतं, बायकांच्या गर्दीकडे बोट केलं. खातं इतक्या झटपट काम करताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

मला पुढे बोलावलं. मोठ्या साहेबांनी विचारलं की हे पाणी कोणाच्या सांगण्यावरून दाखवलं.

मी म्हटलं, "पाणी मी दाखवलं साहेब, पातळी नकाशातली आहे."

मंत्र्यांनी शेतकऱ्याला विचारलं की जोतं किती वर घ्यावं. म्हाताऱ्यांनी आपल्या गुडघ्याला हात लावून दाखवला. मग कुदळ मारायची वेळ झाली आणि ती मारली गेली.

आठ दिवसांनी मला ज्ञापन आलं. मंजूर आराखड्यात नसलेलं पाणी वरिष्ठांची पूर्वपरवानगी न घेता दर्शवल्याबद्दल खुलासा सादर करावा. मी रात्री रडले आणि सकाळी खुलासा लिहिला. चार ओळींचा. सोबत मोजणीच्या वहीतली पानं आणि फरशीच्या उताराचा छोटा छेदनकाशा जोडला. तो नकाशा दुसऱ्याचा गिरवलेला नव्हता. वडिलांना वाचून दाखवला तेव्हा त्यांनी एकच विचारलं की यात माफी कुठे आहे. मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, मग ठीक आहे.

खुलासा शिस्तीप्रमाणे एकेक पायरी वर चढला. आमच्या साहेबांनी त्याला "पुढे सादर" लिहिलं. पुढच्याने तेच लिहिलं. तो न वाचता वर जावा अशीच सगळ्यांची इच्छा असावी, पण नागपुरात कुठल्याशा टेबलावर एका माणसाने जोडपत्र उघडून पाहिलं. तो कोण हे मला आजतागायत कळलं नाही. पाऊस सुरू झाल्यावर सुधारित नकाशा आला. भवनाची जमीन ऐंशी सेंटिमीटर वर, म्हणजे रस्त्याहून साठ. फरशीचा उतार रस्त्याकडे, मध्ये गटार आणि व्हरांड्याला चार पायऱ्या. तो गिरवायला माझ्याकडेच आला.

ज्ञापन मागे घेतलं गेलं नाही. ते माझ्या सेवापुस्तकात लागलं आणि राहिलं. पुढे मी आरेखक झाले तेव्हा निवड समितीतल्या एका सदस्याने ते मोठ्याने वाचलं आणि विचारलं, पाणी म्हणजे नक्की काय. मी समजावून सांगितलं. त्याला ते पटलं की नाही ठाऊक नाही, पण तो हसला.

त्याच पावसाळ्यात एक परिपत्रकही निघालं. यापुढे प्रस्तावित इमारतींची चित्रं स्वच्छ हवामानातच दर्शवावीत. मुख्य आरेखकांनी ते काचेखाली ठेवलं आणि निवृत्त होईपर्यंत निळं आकाश रंगवलं. माझ्यावर त्यांचा राग नव्हता. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी आपले ब्रश मला दिले आणि त्यातला रुंद, चपटा ब्रश बाजूला काढून म्हणाले, याने तुझं आभाळ चांगलं होईल.

भवनाचं उद्घाटन दोन वर्षांनी झालं. भाषणात मोठ्या साहेबांच्या दूरदृष्टीने जोतं उंच घेतल्याचा उल्लेख आला. चित्र तिथे नव्हतं, ते मोठ्या साहेबांनी नागपूरला घरी लावल्याचं ऐकलं. मी बाजाराच्या दिवशी वडिलांबरोबर एकदा लाखनीला गेले. पाऊस चालू होता, पाणी रस्त्यावरून येऊन गटारात पडत होतं आणि व्हरांडा कोरडा होता. पायऱ्यांवर टोपल्या घेऊन बायका बसल्या होत्या, खालची पायरी ओली म्हणून वरच्या तिन्हींवर. मी त्यांच्या शेजारी टेकले. त्यातली एक सरकून मला जागा करत म्हणाली, "पायऱ्या बऱ्या केल्या बाई. बसाले होते." मी हो म्हटलं आणि आम्ही भाजीचे भाव बोलत बसलो.